तारमास्तर नाना

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत कुणाला आपल्याच मुलाचा मेसेज कळेनासा झाला, की तो फोन घेऊन बी विंगच्या तळमजल्यावर जातो. तिथे नाना असतात. नाना तार खात्यातले. २०१३ च्या जुलैत तार बंद झाली तेव्हा ते निवृत्त होऊन बसले होते, पण शब्द मोजायची खोड गेली नाही. चष्मा कपाळावरून नाकावर आला की समजावं, निकाल लागणार.

त्यांची कीर्ती झाली ती जोशीकाकूंमुळे. सुनेचा मेसेज आला, "Bai ne mala saf kela". काकूंनी वाचलं, ‘बाईने मला साफ केलं’, आणि कपाटातले दागिने बघायला धावल्या. नानांनी फोन हातात घेतला. ‘mala’ म्हणजे मला किंवा माळा. ‘kela’ म्हणजे केला, केलं, फार तर केळं. इंग्रजी अक्षरांत ‘ल’ आणि ‘ळ’ एकाच ताटात जेवतात. "चोरी झाली असती तर सुनेनं फोन केला असता, मेसेज नव्हे. बाईनं माळा साफ केला," नाना म्हणाले. काकूंनी तिथल्या तिथे माळ्यावरचा फराळाचा डबा आठवून घेतला.

लाडाच्या भाषेबद्दल नानांचं मत पक्कं आहे. तारेत शब्द गाळायचा तो पैशासाठी, इथे तोडतात तो जवळिकीसाठी. ‘जेवलीस का’चं ‘jvlis k’ झालं, म्हणजे संसार बरा चाललाय. माकडा, येड्या, गाढवा ही खुशालीची लक्षणं. नवरा-बायकोच्या चॅटमध्ये अचानक सगळे स्वर जागेवर दिसले, ‘नको’चं ‘nko’ न होता पुरतं ‘nako’ आलं आणि त्यापुढे पूर्णविराम पडला, की नाना चष्मा काढून पुसतात. "‘kk’ आला तर निर्धास्त झोपा. नुसता ‘k’ आला तर आधी माफी मागा, कारण नंतर विचारा." यात ‘रे’, ‘गं’, ‘ना’ ही शेपटं ते सर्वांत आधी बघतात. ‘ये’ हा हुकूम आणि ‘ये ना’ ही विनवणी. शेपूट हललं की कुत्रं चावत नाही, असं ते म्हणतात. (माझा अनुभव वेगळा आहे, पण तो कुत्र्यांचा.)

एवढ्या जाणकार माणसाची फजिती व्हावी, तीही व्याकरणाने!

तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी संध्याकाळी कापऱ्या आवाजात आल्या. लेकीचा फोन ओट्यावर चार्जिंगला होता आणि पोळ्या लाटता लाटता त्यांना स्क्रीनवर दिसलं होतं. पाठवणाऱ्याचं नाव ‘Sam’, पुढे माकडाचं चित्र. खाली, "Bhava udya yetoy, 2 divas tujhyakadech. Miss kelas na pillu?"

नानांनी वहिनींकडून मजकूर तीनदा ऐकून कागदावर उतरवला. ‘pillu’ला महत्त्व नाही, हल्ली मांजरापासून मॅनेजरपर्यंत सगळेच पिल्लू. ‘Bhava’ तर मुली मुलींनाही म्हणतात. पण ‘yetoy’? मराठी क्रियापद लिंग लपवत नाही. मुलगी असती तर ‘yetey’ आलं असतं. "मुलगा आहे," नाना गंभीरपणे म्हणाले, "आणि मुक्कामाला येतोय." वहिनी खुर्चीत बसल्या. भाऊजींना गावाहून बोलावून घेण्यात आलं.

दुसऱ्या दिवशी जिना दणाणवत सॅम आली. समीक्षा. पाठीवर सॅक, हातात चटणीची बरणी, गाव कोल्हापूर. दार उघडताच म्हणाली, "काकू, मी लई दमलो. आधी जेवतो, मग अंघोळ करतो."

तिकडच्या कित्येक बायका बोलताना सहज ‘मी येतो, मी जातो’ म्हणतात, हे नानांना ठाऊक नव्हतं असं नाही. बदलीच्या काळात त्यांनी कोल्हापुरात दोन वर्षं काढली होती. शेजारची मावशी रोज ‘मी दळणाला जातो’ म्हणायची. पण कानाला ओळखीचं असलेलं डोळ्याला इंग्रजी अक्षरांत ओळखू आलं नाही. मुंबई-पुण्याच्या मुलीही आता गमतीत तसंच लिहितात, हे लेकीने ऐकवलं तेव्हा तर नाना तीन जिने न थांबता उतरले.

त्या रात्री त्यांनी नंबर मिळवून समीक्षाला माफीचा मेसेज पाठवला. देवनागरीत, शुद्ध, अनुस्वारांसकट, ‘आपला नम्र’ धरून चौसष्ट शब्दांचा. शब्द त्यांनीच मोजले होते.

पाच मिनिटांनी उत्तर आलं, "k".

मी सोबत होतो. नाना त्या एका अक्षराकडे बघत राहिले. चहा निवला. मग फोन पुन्हा वाजला. पुन्हा "k".

"दोन मिळून ‘kk’ धरायचं का हो?" त्यांनी मला विचारलं.