खिडकीकाका

प्रत्येक सोसायटीत एक निवृत्त गृहस्थ असे असतातच, की कोणाची खिडकी लागेनाशी झाली हे त्यांना घरच्या माणसांच्या आधी कळतं. आमच्याकडचे काका बँकेतून निवृत्त झाले. खिशात मोजपट्टी आणि स्क्रूड्रायव्हर घातल्याशिवाय ते दूधसुद्धा आणायला जात नाहीत.

परवा तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींच्या स्लायडिंग खिडकीचं लॉक तुटलं. त्यांच्या यजमानांनी मोबाइलवर फोटो दाखवून नवं आणलं, ते बसेना. काका अर्थातच हजर.

"फोटोत भोकं मोजता येतात का हो?"

त्यांनी जुनं लॉक सोडवून वर्तमानपत्रावर ठेवलं. वरच्या स्क्रूच्या भोकाच्या मध्यापासून खालच्याच्या मध्यापर्यंत मिलिमीटरमध्ये माप घेतलं. पल्ल्याला पाडलेल्या खाचेची लांबी-रुंदी घेतली. मग आतून खिडकीसमोर उभं राहून लॉक डाव्या पल्ल्याला होतं की उजव्या, आणि आकडा कुठल्या बाजूला वळतो, हे वहिनींकडून लिहून घेतलं. कर्जाच्या अर्जावर सही घ्यावी तसं!

दुकानात 'स्टार लॉक', 'टच लॉक', 'डोमल लॉक' अशी नावं निघाली. काकांचा नावांवर विश्वास नाही. नाव एकच असलं तरी दोन कंपन्यांची भोकं जुळतीलच असं नाही, असं त्यांचं म्हणणं. जुनं लॉक नव्याला पाठीला पाठ लावून ते ट्यूबलाइटसमोर धरत आणि दोन्ही भोकांतून आरपार उजेड दिसला तरच मान डोलवत. दुकानदाराचा अख्खा खण काउंटरवर रिकामा झाला, तेव्हा एक जुळलं.

घरी येऊन बसवलं. नीट बसलं. पण लागेना! यजमानांचा चेहरा पडला, काकांचा खुलला.

"रोग वेगळाच आहे. हे पाहा."

चौकटीत आकडा अडकायच्या खाचेच्या किंचित खाली घासल्याची चकचकीत रेघ होती. काकांनी पल्ला दोन्ही हातांनी जरासा वर उचलला आणि वहिनींना लॉक दाबायला सांगितलं. खट्! पल्ल्याखालची चाकं झिजून पल्ला खाली बसला होता. रोज जोर करून लावता लावता बिचाऱ्या जुन्या लॉकचा आकडा मोडला. काही खिडक्यांत चाकं वर-खाली करायचा स्क्रू पल्ल्याच्या कडेला तळाशी असतो. इथे तो नव्हता. म्हणजे पल्ला काढून चाकंच बदलायची, आणि मोठ्या काचेचा पल्ला एकट्यानं काढायचा नाही, असं बजावून काकांनी यजमानांना दुसऱ्या बाजूला उभं केलं.

चाकं बदलून झाल्यावर एका बोटानं पल्ला सरकला. चहा आला.

"ते आधीचं, न बसलेलं लॉक दुकानदार परत घेत नाही हो," यजमान कुरकुरले.

काकांनी ते उलटसुलट पाहिलं, भोकं मोजली आणि खिशात टाकलं. "पहिल्या मजल्यावर बसेल."

"त्यांचं तुटलंय?"

"अजून नाही," काका चपला घालत म्हणाले, "पण खिडकी लावताना आवाज कसा येतो, ऐकलात ना?"