पेबॅक : 18 महिने

नव्या सीएनसी मशीनची मागणी घेऊन व्यवस्थापनासमोर उभ्या राहणाऱ्या विभागप्रमुखाच्या प्रेझेंटेशनमध्ये सगळे बदलेल, पेबॅक बदलणार नाही. मशीन 35 लाखांचे असो की दीड कोटीचे, तैवानी असो की जर्मन, पैसे 18 महिन्यांत वसूल! दोन वर्षांच्या पुढे गेले तर फाइल परत येते आणि वर्षभरात म्हटले तर अकाउंट्सवाले हसतात. म्हणून उत्तर आधी ठरते, गणित मागून वरातीसारखे येते.

गणितही पाहून घेऊ. मशीन 60 लाखांचे. जुन्या मशीन्सवर एका नगाला 12 मिनिटे लागतात, नव्यावर 7. रोजचे 200 नग, म्हणजे हजार मिनिटे वाचली. मशीनचा ताशी दर 800 रुपये, वर्षाचे दिवस 300. बचत बरोब्बर 40 लाख! फक्त त्या 800 रुपयांत शेडचे भाडे, सुपरवायझरचा पगार आणि जुन्या मशीन्सचा घसाराही बसलेला असतो, आणि मशीन थांबले म्हणून यातला एक रुपयाही थांबत नाही. खरोखर वाचतात ते ऑपरेटरचा पगार आणि वीज. ते ताशी 200 धरले तर बचत 10 लाख आणि पेबॅक सहा वर्षे. तेही ऑपरेटर खरोखरच कमी केला तर. आपल्याकडे तो शेजारच्या मशीनवर उभा केला जातो आणि पगारपत्रक जागचे हलत नाही. शिवाय 200 नगांना 7 मिनिटांप्रमाणे 23 तास 20 मिनिटे लागतात. टूल बदलणे, सेटिंग, जेवणाची सुट्टी आणि वीज जाणे, एवढे सगळे उरलेल्या 40 मिनिटांत उरकायचे आहे.

यावर म्हणतील, वाचलेल्या वेळात जास्त माल काढू. जरूर काढा. पण पुढची हीट ट्रीटमेंटची भट्टी दिवसाला 200 नगच घेत असेल, तर जास्तीचा माल भट्टीच्या दारात ट्रॉलीवर गंजणार आणि त्यात अडकलेल्या पैशावर बँक व्याज लावणार. भट्टी प्रेझेंटेशनमध्ये नसते, कारण ती दुसऱ्या विभागाची! दुसरा आक्षेप जास्त प्रामाणिक आहे: खरी सहा वर्षे लिहिली तर काहीच मंजूर होत नाही. हे मात्र खरे, आणि संताप येतो तो इथेच. जुन्या मशीनवर माप जागेवर राहत नाही, नग रिजेक्ट होतात, ग्राहक तक्रार करतो. एवढे कारण पुरेसे असायला हवे. पण त्याला स्लाइडवर जागा नाही, कारण आकडा दोन वर्षांच्या आत हवा असतो. खोटे बोलल्याशिवाय खरी गरज पुरी होत नाही, अशी व्यवस्था आपण शिस्त म्हणून मिरवतो. नव्या मागणीआधी मागच्या मशीनने 18 महिन्यांत किती दिले, तो हिशेब मागायला कोणाची हरकत नसावी. पण तो कोणी मागत नाही, कारण मागच्या मंजुरीवर सही असते ती मागणाऱ्याचीच.