अडचण फक्त वेळेची

मराठी मध्यमवर्गीय माणूस भाजीवाल्याशी पाच रुपयांवरून हिरिरीने घासाघीस करील, पण मुलाच्या शिकवणीच्या बाईंना ‘फी परवडत नाही’ असं कधी म्हणणार नाही. विद्येचा सौदा करायचा नसतो, असे संस्कार आहेत. मग परवडत नसलं तर तो काय म्हणतो? तो म्हणतो, ‘वेळ जमत नाही हो.’

हे शास्त्र मला वहिनीने शिकवलं. ती डोंबिवलीत घरीच आठवी ते दहावीचं गणित शिकवते. एप्रिलमध्ये पालकांना पाठवायच्या निरोपाचं शुद्धलेखन तपासायचं काम माझ्याकडे आलं. जवळच्या शाळेची नववी दुपारच्या सत्रातून सकाळच्या सत्रात जाणार होती, त्यामुळे सकाळी आठची बॅच संध्याकाळी पाचला आणणं भाग होतं. शिवाय महिन्याची फी १२०० वरून १४०० करायची होती.

मी नुसतं शुद्धलेखन तपासून थांबणाऱ्यांतला नव्हे. वाढती महागाई, विजेचं बिल, झेरॉक्सचा खर्च अशी कारणं घालून मी परिच्छेद सजवला. वहिनीने तो वाचला आणि एकेक ओळ खोडायला लागली.

“भाऊजी, विजेचं बिल लिहिलंत की उद्या कुणाची तरी आई म्हणेल, आमचा चिन्मय पंख्याखाली बसतच नाही. झेरॉक्स लिहिलंत की म्हणतील, आम्ही ऑफिसातून काढून आणतो. जितकी कारणं, तितके वाद. फी वाढली एवढंच लिहा.”

“मग वेळ आणि फी एकाच निरोपात टाकू.”

“मुळीच नाही. एकत्र टाकली की फीवर रुसलेले सगळे वेळेवर बोलतात, आणि खरी वेळेची अडचण कुणाची ते मला कळतच नाही.”

म्हणून आधी फक्त वेळा गेल्या. त्यावर आलेल्या दोन तक्रारी अस्सल होत्या. एका मुलीचा तबल्याचा क्लास पाचला होता आणि एकाची आई लोकलने पाचनंतर घरी पोचत असल्याने त्याला आणून सोडणारं कुणी नव्हतं. दोघांसाठी पावणेसातच्या बॅचमध्ये जागा झाली. चार दिवसांनी फीचा निरोप गेला:

‘जूनपासून नववी गणिताची फी दरमहा १४०० रुपये राहील (सध्या १२००). मे महिन्याची फी नाही. दोन भावंडं असल्यास दुसऱ्याला जुनीच फी. फी दहा तारखेपर्यंत द्यावी. काही बोलायचं असल्यास मला रात्री नऊनंतर फोन करावा.’

जुना आकडा, नवा आकडा, कधीपासून, कुणाला सूट आणि बोलायचं कुणाशी, सगळं त्यात होतं. निरोप एप्रिलमध्ये का, तर पुढच्या वर्षीच्या क्लासचं घराघरांत तेव्हाच ठरतं. जूनमध्ये, वह्यापुस्तकं आणि गणवेश घेऊन झाल्यावर, हेच सांगितलं असतं तर पालकांना पेचात पकडल्यासारखं वाटलं असतं. भावंडांच्या घरी तर तिने निरोपाआधीच फोन केला होता. त्यांचे २४०० चे एकदम २८०० झाले नाहीत, २६०० झाले, हे त्यांना तिच्याच तोंडून कळावं म्हणून.

ग्रुपवर अंगठे उमटले. ‘ओके मॅडम’ आले. आणि रात्री सव्वानऊला एका वडिलांचा फोन आला.

“मॅडम, पाचची वेळ जरा अवघड जातेय.”

वेळा जाहीर झाल्या तेव्हा याच गृहस्थांनी पहिला अंगठा दिला होता. वहिनीने तसं काही दाखवलं नाही. “मग पावणेसातला पाठवता?” तिने विचारलं.

“तेव्हा अंधार पडतो हो.”

“शनिवार-रविवारी सकाळी?”

“रविवारी आजोळी जातो आम्ही.”

वहिनीची परीक्षा एवढीच. अडचण खरंच वेळेची असेल, तर दुसरी वेळ दिली की माणूस सुटल्यासारखा ‘हो’ म्हणतो. प्रत्येक वेळेला नवी अडचण निघाली, की अडचण घड्याळात नाही, पाकिटात आहे असं समजायचं. पण तसं म्हणायचं मात्र नाही. सहज आठवल्यासारखं ती म्हणाली, “आणि हो, फी महिन्यातून दोनदा सातशे-सातशे दिलीत तरी चालेल. एक तारखेला आणि पंधराला.”

पलीकडे थोडी शांतता. मग, “तसं पाचचं बघतो मी. रिक्षावाल्याला विचारतो.”

दोनशे रुपये काही कमी झाले नव्हते. पगाराच्या आठवड्यात घराचा हप्ता, वाण्याचं बिल आणि दुधाचं बिल यांच्या रांगेत चौदाशे रुपये एकदम उभे राहत नव्हते, एवढंच. ते थेट सांगायला त्यांना संकोच वाटत होता, आणि थेट विचारून त्यांना अवघडवणं वहिनीला पसंत नव्हतं. मला ती पळवाट वाटली होती. खरं तर दोघं मिळून एकमेकांची अब्रू सांभाळत होते.

जूनमध्ये ते स्वतः मुलाला सोडायला आले, पाचला पाच मिनिटं कमी असताना. सातशे रुपयांचं पाकीट देत म्हणाले, “मॅडम, ही वेळ फार सोयीची झाली बघा.”

“मुलांचा विचार करूनच ठरवली,” वहिनी म्हणाली, आणि वहीत पंधरा तारखेसमोर त्यांचं नाव लिहिलं.