पखवाजाची कणीक आणि तुरुंगाची भिंत

प्रति,
मा. अधीक्षक, जिल्हा कारागृह, सांगली.



माधवनगरातील आमच्या भजनी मंडळाला आपल्या कारागृहातील बंद्यांसाठी महिन्यातून एकदा दीड तास भजन करण्याची परवानगी हवी आहे. असले अर्ज कोणत्याही तुरुंगाच्या कचेरीला नवे नसतात. त्यात बहुधा एक प्रमुख पाहुणे असतात, एक फलक असतो, शाल-श्रीफळ असते, छायाचित्रकार असतो आणि शेवटच्या परिच्छेदात बंद्यांच्या जीवनात परिवर्तन घडवून आणण्याचे आश्वासन असते. भजनाचा उल्लेख असतो, पण जागा उरली तर. आमचा अर्ज थोडा उलटा आहे. आपण आम्हाला भजन करू द्यावे आणि बाकी सगळे नाकारावे, एवढेच मागणे आहे. परिवर्तनाची हमी आम्ही देत नाही. मंडळाच्या सभासदांमध्येच इतक्या वर्षांच्या भजनाने ते फारसे दिसून आलेले नाही, तेव्हा भिंतीआडच्या माणसांवर दीड तासात ते उतरेल असे म्हणणे धाडसाचे होईल.

सुरक्षेचा मुद्दा आपण प्रथम काढणार आणि तो काढायलाच हवा. सांगलीच्या तुरुंगाला पलायनाचा इतिहास आहे. २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथीदार तटावरून खंदकात उड्या टाकून निसटले. पाठलागात अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव यांचे प्राण गेले आणि दादांना गोळी लागली. त्या दिवशी तुरुंगात भजन नव्हते, हे आम्ही नम्रपणे नोंदवतो. पण या दाखल्यावरून भजन निर्धोक ठरते, असा युक्तिवाद करण्याइतके आम्ही भोळे नाही. धोका आहे. तो टाळ ऐकणाऱ्यांपेक्षा टाळ घेऊन येणाऱ्यांत जास्त आहे. म्हणून आचारसंहिता आधी आम्हाला लावावी. तिचा कच्चा मसुदा आम्हीच सादर करतो, कारण आमच्या पिशव्यांत काय काय असते हे आम्हाला अधिक ठाऊक.

उदाहरणार्थ पखवाज. त्याच्या डाव्या तोंडाला, म्हणजे धुमेला, वाजवण्यापूर्वी मळलेल्या कणकेचा गोळा थापावा लागतो, तेव्हा कुठे तो खर्जात घुमतो. आता बाहेरून येणारा कणकेचा गोळा दारावरच्या शिपायाने कसा तपासावा? त्यात सिमकार्ड मावते, गांजाची पुडी मावते, आणि गोळा फोडून पाहिला तर पखवाजी रुसतो. उपाय साधा आहे. कणीक बाहेरून आणायचीच नाही. कारागृहाच्या स्वयंपाकघरात चपात्यांसाठी पीठ असतेच. त्यातले मूठभर आपल्या माणसाने मळून द्यावे. कार्यक्रम संपला की खरवडलेली कणीक आतच टाकून द्यावी, कारण आत येणाऱ्या गोळ्याइतकाच बाहेर जाणारा गोळाही चिठ्ठी नेऊ शकतो. पखवाज सुरात आणण्याची हातोडी मात्र दाराच्या आत येणार नाही. सूर दारावरच्या खोलीत लावून घेऊ आणि हातोडी तिथेच जमा करू. मध्येच पट्टी उतरली तर उतरली. बेसूर पखवाजाने कारागृहाची सुरक्षा धोक्यात आल्याचे ऐकिवात नाही.

पेटीचेही तसेच. भात्याच्या मागे आणि सुरांच्या फळीखाली रिकामी जागा असते. वरून हात फिरवून केलेल्या झडतीला काही अर्थ नाही. पेटीवाल्याने स्वतः झाकण उघडावे, मागची फळी सोडावी, स्क्रू मोजून शिपायाच्या हाती द्यावेत आणि त्याच्यासमोरच परत बसवावेत. जाताना पुन्हा तेच. याला वीस मिनिटे लागतील, ती आमच्या दीड तासातून कापावीत. टाळांना क्रमांक घालून जोड्या मोजून आत आणि मोजून बाहेर. दोरी हातभर, लांब नको. वीणेला पोलादी तार असते, म्हणून वीणा आणणार नाही. वीणेशिवाय भजन म्हणजे आमच्यातल्या काही ज्येष्ठांना अब्रह्मण्यम वाटेल, पण पोलादी तारेचे दुसरे उपयोग आपल्याला अधिक माहीत आहेत. उदबत्ती, काडेपेटी, बुक्का, नारळ, पेढे यांतले काहीही आत येणार नाही. प्रसाद वाटल्याशिवाय भजन पुरे होत नाही असे ज्याला वाटते, त्याने घरी जाऊन खावा.

माणसे आठ. एक पखवाजी, एक पेटीवाला, सहा टाळकरी. आठांची ओळखपत्रे आठवडाभर आधी आपल्याकडे येतील आणि ऐन वेळी नववा येणार नाही, मग तो नगरसेवक असो की नगरसेवकाचा मेहुणा. ज्याचा नातेवाईक किंवा फिर्यादी-साक्षीदाराच्या नात्यातला कोणी आत आहे, त्याने नाव स्वतःहून मागे घ्यायचे. मोबाइल दारावर. आणि खरी परीक्षा इथून पुढे आहे. भजन संपताना एखादा बंदी हळूच म्हणतो, ‘काका, घरी एवढाच निरोप द्या, मी बरा आहे.’ नाही म्हणणे जिवावर येते. पण ‘मी बरा आहे’ हा निरोप कधी आईला असतो, तर कधी साक्षीदाराला, आणि तिथे त्याचा अर्थ निराळा होतो. बंद्यांशी परवानगीवाचून असा संपर्क हा कारागृह कायद्याखाली गुन्हा आहे. ते कलम आम्ही सभासदांना मराठीत वाचून दाखवू आणि सह्या घेऊ. निरोप कानावर आलाच तर तो तिथल्या तिथे तुरुंगाधिकाऱ्याला सांगायचा. पत्र आणि मुलाखत यांची रीतसर वाट आहे, तीच त्यांनी दाखवावी. वारकरी रीतीप्रमाणे भजनाअखेर एकमेकांच्या पाया पडणे, उराउरी भेटणे असते. ते आम्ही हात जोडून आटोपू. एका मिठीत काय काय हस्तांतरित होते, हे झडती घेणाऱ्यालाच विचारावे.

आता दुसऱ्या बाजूचे आक्षेप. पहिला असा की ज्यांनी लोकांचे संसार उद्ध्वस्त केले, त्यांना टाळ-मृदंगाची करमणूक कशाला? आक्षेप घेणारे बहुधा एक गोष्ट विसरतात. देशातल्या तुरुंगांत दर चार बंद्यांपैकी सुमारे तीन न्यायाधीन आहेत. त्यांचा गुन्हा अजून शाबीत व्हायचा आहे. त्यांच्यातला कोण दोषी आणि कोण निर्दोष हे न्यायालयालाही अद्याप माहीत नाही, मग आमच्या बुवांना कुठून कळणार? म्हणूनच आम्ही कीर्तन किंवा प्रवचन मागितलेले नाही. निरूपणाला बसलेला वक्ता पाच मिनिटांत पाप, पश्चात्ताप आणि वाल्या कोळी यांवर येतो, आणि समोर बसलेल्यात जामिनाला पैसे नाहीत म्हणून खितपत पडलेला एखादा असतो. त्याला पश्चात्ताप कशाचा करायला सांगायचा? भजनात एवढे बरे की शब्द ठरलेले असतात आणि वक्त्याला स्वतःचे काही घालता येत नाही. आम्ही गुन्हा विचारणार नाही, तारीख विचारणार नाही, नावही विचारणार नाही.

दुसरा आक्षेप धर्माचा. सरकारी इमारतीत भजन कशाला, हा प्रश्न योग्य आहे. त्याचे उत्तर ‘ही आपली संस्कृती आहे’ असे देणे म्हणजे प्रश्न टाळणे. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये संमत केलेल्या मंडेला नियमांत हा तिढा नीट सोडवला आहे. कोणत्याही बंद्याला कोणत्याही धर्माच्या प्रतिनिधीची भेट नाकारू नये आणि ज्याला अशी भेट नको आहे, त्याच्या नकाराचा पूर्ण मान राखावा. या दोन्ही अटी आम्हाला सारख्याच बंधनकारक असाव्यात. हजेरी सक्तीची नको, गैरहजेरीची नोंद नको आणि हजेरीचा माफीशी किंवा चांगल्या वर्तणुकीच्या शेऱ्याशी संबंध तर मुळीच नको. नाहीतर माणसे माफीच्या दिवसांसाठी टाळ वाजवतील, आणि ते वाजवणे ऐकून आम्ही भारावून जाऊ. ज्या दाराने आम्ही येऊ, त्याच दाराने त्याच अटींवर बुद्धवंदना, कुराणपठण आणि ख्रिस्ती प्रार्थना येऊ शकली पाहिजे. तसे होणार नसेल तर आमचाही अर्ज फेटाळावा.

इथे दोन दाखले द्यावेसे वाटतात, कारण असले अर्ज करणारे ते नेहमी देतात आणि अर्धेच देतात. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली. २१ फेब्रुवारी ते १९ जून, ओळीने अठरा रविवार. साने गुरुजींनी ती लिहून घेतली. यातून ‘तुरुंगात प्रवचने ठेवावीत’ असा निष्कर्ष काढणारे विसरतात की बोलणारा बंदी होता, लिहून घेणारा बंदी होता आणि बाहेरून सुधारायला कोणी आलेला नव्हता. ते राजबंदी होते, हा फरक मान्य. तरी त्या घटनेतून घेण्यासारखी गोष्ट एवढीच की आतल्यांना स्वतःहून करू द्यावे. म्हणून आमच्या दीड तासातला पहिला अर्धा तासच आम्ही गाऊ. मग टाळ आत बसलेल्यांच्या हाती, आणि चाल त्यांची. राज्यातल्या कारागृहांमध्ये बंद्यांच्या अभंग-भजन स्पर्धा झालेल्या आहेत. आत गाणारे आहेत, हे काही आम्ही शोधून काढायला नको.

दुसरा दाखला जिल्ह्यातलाच. आटपाडीजवळ औंध संस्थानाने १९३९ मध्ये स्वतंत्रपूर ही भिंत नसलेली बंदी-वसाहत उभी केली. कल्पना मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याची. खुनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेली माणसेही तिथे शेती करत कुटुंबासह राहिली. पुढे १९५७ मध्ये व्ही. शांताराम यांनी ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. त्याची कथा गदिमांची. चित्रपटातली प्रार्थना सगळ्यांच्या ओठी आहे. शेती कोणाच्याच लक्षात नाही. स्वतंत्रपुराने माणसांना जमीन दिली, काम दिले, बायकापोरे जवळ दिली आणि पहारेकऱ्याऐवजी विश्वास ठेवला. हे सगळे खर्चाचे आणि जोखमीचे आहे. भजन स्वस्त आहे. तेव्हा आमचे भजन त्या कामाच्या जागी मोजले जाऊ नये. वार्षिक अहवालात ‘सुधारणा’ या सदराखाली आमची नोंद करू नये. ‘इतर’ असे सदर असेल तर त्यात घालावी.

राहिला मनुष्यबळाचा प्रश्न, आणि हा आक्षेप आम्हाला सर्वांत पटतो. शिपाई अपुरे असताना भजनाला चार जण अडकवणे म्हणजे कोणाची तरी साप्ताहिक सुट्टी कापणे. यासाठी रविवार दुपार सुचवतो. न्यायालये बंद, तारखांसाठी बंद्यांना बाहेर काढायचे नसते. एका वेळी एकच बराक, म्हणजे परस्परविरोधी टोळ्या समोरासमोर येणार नाहीत. कोणाला कोणाशेजारी बसवायचे याची यादी तुरुंगाधिकाऱ्यांची, आमची नाही. संध्याकाळच्या गिनतीच्या अर्धा तास आधी सगळे संपलेले असेल. महिला बराकीत फक्त महिला सभासद जातील, आणि तो कार्यक्रम वेगळ्या दिवशी. माणसे कमी पडली, आत काही ताण असला, किंवा कारण सांगता येत नसले, तर सकाळी दारावरून ‘आज नाही’ एवढा निरोप पुरे. त्यावर आम्ही पत्रकार परिषद घेणार नाही.

सोबत आठ सभासदांची नावे आणि ओळखपत्रे, टाळांच्या क्रमांकांची यादी आणि पेटीच्या स्क्रूंची संख्या जोडली आहे. छायाचित्रकाराचे नाव जोडलेले नाही. छायाचित्राविना कार्यक्रम होणार हे कळल्यावर मंडळातल्या दोघांनी अचानक प्रकृतीचे कारण दिले. त्यांच्या जागी नवीन नावे घातली आहेत, ती कृपया तपासून घ्यावीत.

आपला विश्वासू,
माधवनगरच्या भजनी मंडळाचा चिटणीस