भातुकलीचे विनियोग प्रमाणपत्र

ज्या ठिकाणी पुस्तकांऐवजी खेळ व खेळणी मांडून ठेवलेली असतात आणि मुलांना ती तेथेच बसून खेळता येतात किंवा नोंदवहीत नाव लिहून आठवडाभरासाठी घरी नेता येतात, त्या व्यवस्थेस टॉय लायब्ररी असे म्हणतात. अमेरिकेत लॉस एंजेलिस येथे 1930च्या दशकातील मंदीच्या काळात मुलांना खेळणी उसनी देण्याचा उपक्रम सुरू झाला, आणि 1963 मध्ये स्टॉकहोम येथे अपंग मुलांच्या पालकांनी ‘लेकोटेक’ या नावाने अशीच व्यवस्था उभी केली, हा या संस्थेचा त्रोटक पूर्वेतिहास होय. वस्तीतील समाजमंदिराच्या एका कोपऱ्यात दोन कपाटे आणि एक सतरंजी एवढ्या भांडवलावर अशी लायब्ररी चालू शकते, याविषयी जाणकारांत मतभेद नाहीत. मतभेद सुरू होतात ते देणगीदारापुढे प्रस्ताव ठेवल्यानंतर, आणि त्यांचे मूळ बहुधा खेळ या क्रियेच्या स्वरूपातच असते, कारण खेळणारे मूल कशासाठी खेळते हे त्याला सांगता येत नाही, तर देणगीदारास ते सांगितल्याशिवाय धनादेश निघत नाही.

या प्रस्तावाची पहिली अडचण कायदेशीर आहे. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचा किमान दोन टक्के भाग सामाजिक कामावर खर्च करावा लागतो. यालाच व्यवहारात सीएसआर म्हणतात. हा पैसा कोणत्या कामांवर खर्चता येईल याची यादी त्याच कायद्याच्या सातव्या परिशिष्टात दिलेली आहे. या यादीत ग्रामीण क्रीडाप्रकार, राष्ट्रीय मान्यताप्राप्त क्रीडाप्रकार, ऑलिम्पिक व पॅरालिम्पिक क्रीडाप्रकार यांच्या प्रशिक्षणाचा उल्लेख आहे, भातुकलीचा नाही. सागरगोटे ग्रामीण असले तरी त्यांचे प्रशिक्षण आजीकडून मिळत असल्यामुळे, आणि आजीपाशी प्रमाणपत्र नसल्यामुळे, ती वाटही फारशी उपयोगी पडत नाही. म्हणून प्रस्ताव लिहिणारा कार्यकर्ता मुकाट्याने ‘शिक्षणास प्रोत्साहन’ या दाराने आत शिरतो, आणि त्या क्षणापासून प्रस्तावातील प्रत्येक खेळणे ‘शैक्षणिक साहित्य’ होते. बाहुली भावनिक विकास करू लागते, भोवऱ्यास सूक्ष्म स्नायूंचा समन्वय साधावा लागतो आणि सापशिडीवर संख्याज्ञानाची जबाबदारी येऊन पडते.

यानंतर लॉगफ्रेम येते. लॉगफ्रेम म्हणजे उद्दिष्ट, परिणाम, फलित आणि कृती अशा उतरत्या पायऱ्यांचा, प्रत्येक पायरीसमोर मोजता येणारा निदर्शक लिहिण्याचा तक्ता. तो 1969 च्या सुमारास अमेरिकेच्या परदेशी मदत संस्थेसाठी तयार झाला आणि तेव्हापासून धरणांना व खुळखुळ्यांना सारख्याच निष्ठेने लावला जातो. या तक्त्यात ‘मुले सापशिडी खेळली’ ही केवळ कृती ठरते. ‘चाळीस मुले सापशिडी खेळली’ हे फलित होते, आणि ‘चाळीसपैकी तीस मुलांना शंभरपर्यंत अंक ओळखता आले’ हा परिणाम मानला जातो. अठ्ठ्याण्णवाव्या घरातून सापाच्या शेपटीपर्यंत घसरलेल्या मुलास काय वाटले याला या तक्त्यात रकाना नाही, आणि तो नसावा हेच बरे, कारण मूल्यमापनासाठी येणाऱ्या गृहस्थांसमोर ते पुन्हा रडून दाखवण्यास तयार होईल याची हमी कोणी द्यावी? तरीही या तक्त्यात एक प्रामाणिक निदर्शक बसवता येतो. कोणते खेळणे वर्षात किती वेळा घरी गेले, हे नोंदवहीवरून मोजता येते, त्यासाठी मुलांची परीक्षा घ्यावी लागत नाही आणि पुढच्या खरेदीत काय घ्यावे व काय घेऊ नये हेही त्यावरूनच कळते.

खेळण्यांची निवड करताना एसार ही वर्गवारी उपयोगी पडते. क्वेबेकमध्ये 1980च्या दशकात डेनिस गारों यांनी पियाजेच्या सिद्धांताच्या आधारे ती मांडली आणि तिच्यात खेळांचे चार गट पडतात: हालचालींच्या सरावाचे, प्रतीकात्मक म्हणजे खोटे-खोटे, जोडणीचे आणि नियमांचे. खुळखुळा व चेंडू पहिल्या गटात, भातुकली व डॉक्टरची पेटी दुसऱ्यात, ठोकळे व चित्रकोडी तिसऱ्यात, तर कॅरम, पत्ते व सारीपाट चौथ्यात जातात. या वर्गवारीचा खरा लाभ असा की प्रस्तावातील यादी एकाच गटाकडे झुकली असेल तर ते लगेच दिसते. देणगीदारांना तिसरा गट विशेष प्रिय असतो, कारण ठोकळ्यांचा मनोरा छायाचित्रात उभा राहतो आणि भातुकलीत शिजलेला भात कोणत्याही कॅमेऱ्यास दिसत नाही. वयाचा विचार मात्र वर्गवारीवर सोपवून चालत नाही. तीन वर्षांखालील मुलांसाठी सुमारे 31.7 मिलिमीटर व्यासाच्या नळकांड्याची चाचणी असते. जी वस्तू कशीही धरली असता त्यात पूर्ण मावते ती घशात अडकू शकते असे समजून बाजूला ठेवतात. सागरगोटे, कवड्या आणि लुडोच्या सोंगट्या या चाचणीत निरपवाद नापास होतात, म्हणून त्यांचे कपाट वेगळे आणि कुलूपबंद असावे लागते.

आता अंदाजपत्रकाकडे वळणे प्राप्त आहे. उदाहरणादाखल, आठवड्यातून पाच दिवस संध्याकाळी दोन तास चालणारी लायब्ररी घेतली आणि दीडशे खेळण्यांची सरासरी किंमत तीनशे रुपये धरली, तर खेळण्यांवर 45,000 रुपये लागतात. दोन लोखंडी कपाटे 22,000, सतरंज्या 4,000, पिशव्या, पारदर्शक डबे व चिठ्ठ्या 6,000 आणि नोंदवह्या 1,000 असा एकदाच होणारा खर्च मिळवून 78,000 रुपये होतात. दरवर्षीच्या खर्चात तुटफुटीची भरपाई म्हणून खेळण्यांच्या किमतीच्या वीस टक्के, म्हणजे 9,000, साबण व सेल यांसाठी 3,000, आणि खेळताईचे दरमहा 4,000 प्रमाणे 48,000 रुपये मानधन येते. खेळताई म्हणजे कपाट उघडणारी, खेळणे देणारी, परत आलेले मोजून घेणारी, भांडण सोडवणारी आणि कोपऱ्यात एकट्या बसलेल्या मुलास डाव मांडून देणारी वस्तीतीलच बाई. पहिल्या वर्षाची एकूण बेरीज 1,38,000 रुपये होते.

हे अंदाजपत्रक देणगीदाराच्या बैठकीत गेले की लाल पेन्सिल खेळताईवर येऊन थांबते. ‘मानधन’ हा शब्द प्रशासकीय खर्चाच्या कुळातील वाटत असल्यामुळे ते काढून त्या पैशांत आणखी 160 खेळणी घ्यावीत, अशी उदार सूचना येते, आणि कपाटे सांभाळण्यासाठी ‘स्वयंसेवक मिळतीलच’ असे आश्वासन, न मिळालेल्या स्वयंसेवकांच्या वतीने, दिले जाते. या सूचनेचे पुढे काय होते ते पाहण्यासाठी चोवीस तुकड्यांचे चित्रकोडे घ्यावे. ते परत येताना तुकडे मोजणारे कोणी नसेल तर तेवीस येतात, आणि तेवीस तुकड्यांचे कोडे घरी नेलेले पुढचे मूल आपल्या घरात चोविसावा तुकडा हरवला या समजुतीने मार खाते. त्यानंतर ते मूल लायब्ररीत येत नाही, त्याची आई शेजारणीस सांगते, आणि वर्षअखेरच्या अहवालात ‘समाजाचा प्रतिसाद अपुरा’ असे वाक्य उमटते. हे टाळण्याची रीत सोपी आहे. प्रत्येक तुकड्याच्या पाठीवर त्या कोड्याचा क्रमांक लिहावा, पिशवीत तुकड्यांची संख्या लिहिलेला पुठ्ठा ठेवावा, परत घेताना मुलासमोरच मोजावे आणि झाडताना सापडलेल्या तुकड्यांसाठी एक डबा राखावा. ही सगळी रीत हातांनी चालते, आणि ते हात अंदाजपत्रकातून नुकतेच वगळलेले असतात. मुलांकडून अनामत रक्कम घेणे हा त्यावरचा तोडगा म्हणून सुचवला जातो. त्याने तुकडे सुरक्षित राहतात हे खरे, पण ज्यांच्यासाठी लायब्ररी काढली ती मुले दाराबाहेर राहतात.

हिशेबनिसाची अडचण याहून सूक्ष्म आहे. संस्थेने घेतलेल्या टिकाऊ वस्तूंची नोंद डेडस्टॉक रजिस्टर नावाच्या वहीत करावी लागते, आणि वस्तू निकामी झाली की ती निर्लेखित करण्यासाठी, म्हणजे वहीतून रीतसर काढून टाकण्यासाठी, ठराव लागतो. लेखापरीक्षक ही वही आणि कपाट यांचा मेळ घालतात. त्यामुळे वर्षभर कोणीही हात न लावलेले, मूळ वेष्टनातले खेळणे हे त्यांच्या दृष्टीने आदर्श ठरते, तर रोज खेळून चाक निखळलेला ट्रक ही अनियमितता असते. चाणाक्ष संस्था यावर एक उपाय करतात. तीनशे रुपयांपर्यंतची खेळणी त्या ‘उपभोग्य साहित्य’ या शीर्षाखाली, खडू व साबणाच्या पंगतीत, बसवतात आणि तसे प्रस्तावातच लिहून देणगीदाराची सही घेतात, त्यामुळे ट्रक सन्मानाने मरू शकतो.

देणगीदार एका वर्षाचाच पैसा देऊ करतो तेव्हा कार्यकर्त्याने एक गोष्ट नम्रपणे दाखवून द्यावी: सीएसआरच्या नियमांत ‘चालू प्रकल्प’ अशी तरतूद आहे, आणि तिच्यानुसार प्रकल्प सुरू झालेले आर्थिक वर्ष सोडून पुढे तीन वर्षांपर्यंत काम चालवता येते. वरील हिशेबाने तीन वर्षांसाठी एकरकमी 78,000 आणि दरसाल 60,000, मिळून 2,58,000 रुपये मागावेत. एकाच वर्षाची मागणी मान्य झाली तर दुसऱ्या वर्षी कपाटे राहतात, किल्ली हरवते आणि फलक चकाकत राहतो. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात उरलेला निधी संपवण्यासाठी आलेली देणगी विशेष सावधपणे घ्यावी, कारण त्या घाईत दुकानदाराकडे जे पडून असते तेच ‘शैक्षणिक साहित्य’ म्हणून गाडीत चढते.

अखेर, रोख रकमेऐवजी कर्मचाऱ्यांच्या घरची जुनी खेळणी देण्याचा प्रस्ताव देणगीदाराकडूनच येतो. तो ठामपणे नाकारण्यासाठी मूळ प्रस्तावातच एक परिच्छेद असावा. मोठी कापडी अस्वले नीट धुता येत नाहीत, त्यांचा एक डोळा गेलेला असतो आणि दुसरा बाळाच्या तोंडात जाण्याच्या बेतात असतो. बटणाएवढे सेल असलेली खेळणी तर घेऊच नयेत, कारण असा सेल गिळला गेल्यास अन्ननलिका दोन तासांत भाजू शकते. मात्र घरात जुना कॅरम पडून असेल तर वाचकांनी तो वस्तीतील केंद्रास अवश्य द्यावा. देण्यापूर्वी काळ्या नऊ, पांढऱ्या नऊ आणि राणी एक अशा एकोणीस सोंगट्या मोजाव्यात, अठराच भरल्यास एक विकत घेऊन घालावी, आणि शक्य झाल्यास सोबत खेळताईच्या एका महिन्याच्या मानधनाचा धनादेश जोडावा.