माल हाताळायचा नाही

क्रांती चौकातल्या चहाच्या टपरीवर लॅपटॉप उघडून बसलेला तो तरुण तुम्ही पाहिलाच आहे. तुमच्या चौकातही एक असेल. कार्डावर ‘फाउंडर’, कंपनीत माणूस एकच. ड्रॉपशिपिंग म्हणजे काय, हे कुणी विचारायची तो वाट बघत नाही. “वेबसाईट आपली, फोटो सप्लायरचे. गिऱ्हाईक आपल्याला ऑर्डर देणार, आपण ती पुढे ढकलणार, सप्लायर परस्पर पार्सल पाठवणार. मधला फरक आपला. काका, माल हाताळायचाच नाही!”

हे शेवटचं वाक्य म्हणताना तो दोन्ही हात वर करतो, पोलिसांनी पकडल्यासारखे. वडिलांचं किराणा दुकान आहे. ते गव्हाचं पोतं आत घ्यायला सांगतात, तर हा म्हणतो, “बाबा, आपलं मॉडेलच वेगळं आहे.” गणपतीत मंडळाने मखर उचलायला बोलावलं, तर याने टेम्पोवाल्याचा नंबर पाठवला. चहाचा ग्लाससुद्धा दोन बोटांत धरतो. चहाही परस्पर पोटात गेला तर बरं, असा एकूण भाव.

पहिली ऑर्डर आली तेव्हा टपरीवर सगळ्यांना चहा मिळाला. ‘प्युअर सिल्क पैठणी, 1,499 रुपये’, कॅश ऑन डिलिव्हरी. सुरतचा सप्लायर घेणार 640, कुरियर आणि कॅशचा आकार 130, इन्स्टाग्रामच्या जाहिरातीवर 450. उरणार 279. एवढ्यावर तो महिन्याला हजार ऑर्डरींचा गुणाकार करून मोकळा झाला. गिऱ्हाईक कुठलं, हे त्याने पाहिलंच नाही. उस्मानपुरा! टपरीवरून चालत दहा मिनिटं. सुरतेहून पार्सल निघालं आणि फाउंडरच्या नाकासमोरून पोचलं.

पाचव्या दिवशी फोन आला. “साडी आली. ये जरा.”

“मॅडम, वेबसाईटवर रिटर्न रिक्वेस्ट टाका.”

“वेबसाईटवर पत्ता क्रांती चौकाचा आहे ना? मग चालत ये.”

काकूंनी उमेदीची वर्षं गुलमंडीवर साडीच्या दुकानात काढलेली. त्यांनी आधी पाणी दिलं, मग पदर त्याच्या हातात दिला. “उलटा कर.” इतक्या दिवसांत त्याने स्वतःच्या दुकानातली वस्तू पहिल्यांदाच हातात धरली. मागच्या बाजूला मोराच्या पिसाऱ्यातून धागे लोंबत होते. हातमागाच्या पैठणीत नक्षीचे रंगीत धागे विणतानाच एकमेकांत अडकवतात, म्हणून पदर दोन्हीकडून जवळपास सारखाच दिसतो. यंत्रमागावर धागा एका मोरापासून दुसऱ्यापर्यंत मागून मोकळा धावतो. मग काकूंनी दशीतला एक धागा उपसून काडी लावली. रेशीम असतं तर जळक्या केसांचा वास आला असता आणि राख बोटात भुरभुरली असती. इथे धागा वितळला आणि टोकाला काळा टणक मणी झाला.

“पॉलिस्टर,” काकू म्हणाल्या. “आणि पैठण इथून पन्नास किलोमीटर.”

“पण मॅडम, चूक सप्लायरची आहे.”

“सप्लायरला मी ओळखते का? पैठणी तू लिहिलीस.”

कायदाही काकूंच्याच बाजूचा. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे वस्तू जाहिरातीत लिहिल्यासारखी नसेल, तर विक्रेत्याला ती परत घेणं आणि पैसे देणं नाकारता येत नाही. काकूंनी नियम वगैरे काढला नाही. जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर हिशेब मांडला. कुरियरकडून 1,499 येतील तेव्हा येतील, पण काकूंना आजच द्यायचे. सप्लायर ‘फक्त फाटका माल परत घेऊ’ म्हणतो. म्हणजे 640, 130 आणि 450 मिळून 1,220 पाण्यात आणि साडी गळ्यात. “एक बुडाली की ती भरून काढायला अशा चार विकून पुरत नाहीत. आधी एक नग स्वतः मागवला असतास, तर जाहिरातीचे तरी वाचले असते. आणि लिहायचं, पैठणी डिझाईनची साडी, कापड पॉलिस्टर. तेही घेणाऱ्या असतात रे, पण माहीत असून घेतात.”

त्याने तिथेच फोनवरून 1,499 पाठवले, हे त्याच्या बाजूने नोंदवायला हवं. अशा वेळी नंबर ब्लॉक करणारे फाउंडर मला ठाऊक आहेत. साडी काखेत मारून तो टपरीवर आला आणि येईल त्याला पदर उलटा करून दाखवत बसला. पोरगा तसा वाईट नाही. त्या संध्याकाळी वडिलांचं पोतंही त्याने आत घेतलं म्हणतात. मी पाहिलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्यासमोरच त्याने सुरतला फोन लावला. पुढचा नग पाठवण्याआधी पदराच्या उलट्या बाजूचा व्हिडिओ पाहिजे, असं दरडावून सांगितलं. फोन स्पीकरवर होता.

“माल हमारे पास कहाँ है, भाई?” सप्लायर म्हणाला. “हम भी आगे से भिजवाते हैं.”