इकडचं तिकडे नेलं की

“सर, सहामाहीला बीजगणितात चाळीसपैकी एकोणीस पडलेत. मुलाची प्रगती जरा सविस्तर लिहून द्याल का? पुढे काय करायचं तेही लिहा. हिला लेखी हवंय.”

चिरंजीवांच्या वडिलांचा हा निरोप रविवारी सकाळी आला आणि माझे पोहे घशातच राहिले. एकोणीस वर्षं मी लोकांच्या घरी जाऊन गणित शिकवतोय. या काळात पालकांशी मी जे काही बोललो ते चपला घालता घालता, दारात. दारातल्या बोलण्याचा एक फायदा असतो. लिफ्ट आली की ते संपतं. ‘हिला लेखी हवंय’ म्हटल्यावर मात्र लिफ्ट येत नाही.

दुपारी झोप मोडून पत्र लिहायला बसलो. पहिला मसुदा झरझर उतरला: ‘चिरंजीव हुशार आहे, पण मेहनत घेत नाही. एकाग्रता वाढवणे गरजेचे. आत्मविश्वास मात्र वाढला आहे.’ शिकवणीच्या मराठीत या प्रत्येक वाक्याला खासगी अर्थ असतो. ‘आत्मविश्वास वाढला आहे’ म्हणजे पूर्वी तो चुकीचं उत्तर पेन्सिलीनं लिहायचा, आता पेनानं लिहितो. ‘शंका विचारतो’ म्हणजे ‘सर, आज लवकर सोडाल का?’ असं विचारतो. बायकोनं मागून वाचलं आणि म्हणाली, “हे आपल्या मुलीच्या प्रगतिपुस्तकातही होतं. माझ्याही होतं. एकाच माणसानं लिहिलं असेल का रे सगळ्यांचं?”

कागद चुरगळला. मुलाबद्दल खरं काही लिहायचं तर उत्तरपत्रिका हवी, म्हणून संध्याकाळी जाऊन ती घेऊन आलो. एका कोऱ्या कागदावर चार रकाने आखले आणि गेलेले एकवीस गुण एकेक करून त्यांत टाकत गेलो.

पहिल्या रकान्याला नाव दिलं ‘येतच नाही’. त्यात फक्त चार गुण पडले. अंकगणिती श्रेढीचं एक शाब्दिक उदाहरण होतं, ते चिरंजीवांनी कोरं सोडलं होतं. दुसरा रकाना ‘वेळ पुरला नाही’ असा, त्यात पाच. शेवटचा तीन गुणांचा प्रश्न राहिला होता आणि पहिल्या प्रश्नातले एकेक गुणाचे दोन उपप्रश्न ‘मग करू’ म्हणून सोडलेले तसेच राहिले होते. तिसरा रकाना ‘प्रश्न नीट वाचला नाही’, त्यातही पाच. विचारलं होतं वडिलांचं वय. चिरंजीवांनी मुलाचं वय काढलं, त्याखाली दोन रेघा मारल्या आणि पुढे गेले. चार, पाच आणि पाच मिळून चौदा. उरलेले सात गुण चौथ्या रकान्यात आले आणि तिथे मी अडखळलो. ते सातही गुण एकाच चुकीनं खाल्ले होते.

उदाहरण असं होतं:

x + y = 2
2x − 3y = 19

पहिल्या समीकरणाला चिरंजीवांनी दोननं गुणलं, 2x + 2y = 4. त्यातून दुसरं वजा केलं, 5y = −15. वजाबाकीत वजा तीन वाय वजा करताना भले भले घसरतात. हा नाही घसरला. मला अभिमान वाटला. तो पुढच्याच ओळीपर्यंत टिकला. पुढची ओळ होती:

y = −15 ÷ (−5) = 3

मग x = −1. खाली चौकट. चौकटीभोवती आणखी एक चौकट.

5y मधला पाच अधिक होता. तो पलीकडे जाताना वजा कसा झाला? पुढची दोन उदाहरणं पाहिली, तिथेही तेच. भागायचा आकडा बाजू बदलताना दरवेळी चिन्ह बदलून जात होता. हा निष्काळजीपणा नव्हता. निष्काळजी मुलगा कधी चुकतो, कधी चुकत नाही. हा न चुकता चुकत होता, म्हणजे कुठलातरी नियम पाळत होता.

सोमवारी त्याला विचारलं, “हे पाच वजा कसे झाले?”

माझ्याकडे त्यानं जी नजर टाकली ती साधारणपणे मी त्याच्याकडे टाकतो. “सर, इकडचं तिकडे नेलं की चिन्ह बदलतं.”

“हे कोणी सांगितलं?”

“तुम्हीच. आठवीत.”

वहीही आणून दाखवली. आठवीची वही, पान पहिलं, लाल शाई, अक्षर माझं: ‘इकडचं तिकडे नेलं की चिन्ह बदलतं.’ खाली दोन रेघा. त्या दोन रेघांची सवय त्याला कुठून लागली तेही त्याच वेळी कळलं.

वाक्य तसं खोटं नाही, अर्धं आहे. x + 5 = 2 मध्ये पाच पलीकडे जातो आणि वजा होतो, कारण खरं म्हणजे तो कुठे जातच नाही; आपण दोन्ही बाजूंतून पाच वजा करतो. भाजीवाल्याच्या तराजूसारखं. एका पारड्यातून वजन काढलं तर दुसऱ्यातूनही तेवढंच काढावं लागतं. 5y = −15 मध्ये पाच बेरजेत नाही, गुणाकारात आहे. तिथे दोन्ही पारडी पाचनं भागायची. मोडायचा तो गुणाकार, पाचचं अधिक चिन्ह आहे तिथेच राहतं. म्हणजे बदलते ती क्रिया. घाईच्या दिवशी ‘क्रिया’च्या जागी मी ‘चिन्ह’ म्हणालो आणि पोरानं गुरुवाक्य म्हणून ते दोन वर्षं पाळलं. मेहनत घेत नाही म्हणे!

आता पत्राचा पेच वाढला. हे लिहायचं की नाही? बायको म्हणाली, “नको लिहूस. लिही, ‘पाया कच्चा आहे’.” मी म्हटलं, “पाया मीच घातलाय.” ती म्हणाली, “ते कुठे लिहायचंय?”

रात्री अकरा वाजता तिसरा मसुदा पूर्ण झाला. तो असा:

‘सप्रेम नमस्कार. चिरंजीवांना १९ गुण मिळाले. गेलेल्या २१ पैकी न येणाऱ्या भागाचे फक्त ४ आहेत. बाकी १७ त्याला येत असूनही गेले. त्यातले ७ एकाच चुकीचे आहेत आणि ती चूक मी आठवीत एक नियम अर्धवट सांगितल्यामुळे झाली आहे. ती मीच दुरुस्त करीन.

‘पुढे काय करावे: रोज अर्धा तास, पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या प्रकरणाच्या सरावसंचांतली सहा समीकरणे. सहाच, पण प्रत्येकाचा ताळा लिहून. ताळा म्हणजे आलेली उत्तरे मूळ समीकरणात घालून पाहणे. सोबतच्या उदाहरणात दुसऱ्या समीकरणाची डावी बाजू वजा ११ येते, यायला हवे होते १९. अर्ध्या मिनिटात चूक दिसली असती. पहिल्या समीकरणात ताळा बरोबर जुळतो हेही पाहावे. म्हणून ताळा दोन्ही समीकरणांत घ्यावा.

‘एक आड एक रविवारी घड्याळ लावून दोन तासांचा ४० गुणांचा पेपर. पहिला प्रश्न आधी. घरच्यांनी घड्याळ आणि मोबाईल सांभाळावा, शिकवू नये.

‘नवा क्लास, नवे गाईड, अपेक्षित प्रश्नसंच यांपैकी काहीही तूर्त आणू नये. दुसऱ्या क्लासमध्ये त्याला श्रेढी पुन्हा शिकवतील, तिचे चारच गुण गेले आहेत.

‘पूर्वपरीक्षेत ४० पैकी २७-२८ मिळावेत अशी माझी अपेक्षा आहे. हिशेबाने ३० होतात, पण नवीन प्रकरणे नवीन चुका घेऊन येतील, त्यांच्यासाठी दोन-तीन ठेवले आहेत. ३८ चे आश्वासन मी देत नाही. अकरावीला विज्ञान घ्यायचे की नाही ते पूर्वपरीक्षेनंतर ठरवू. तिथल्या गणितात आणि भौतिकशास्त्रात ही समीकरणे पानोपानी येतात, तोवर ती बिनचूक होतात का ते कळेल.’

पत्र पाकिटात घालून दिलं आणि तीन दिवस त्यांच्या मजल्यावर लिफ्टनं जायचं टाळलं. जिन्यानं निदान परत फिरता येतं. चौथ्या दिवशी वडिलांनी दारातच गाठलं. आवाज मऊ होता, म्हणून जास्त भीती वाटली.

“सर, पत्र आवडलं. इतकं स्पष्ट कोणी लिहीत नाही.”

“हो का? बरं वाटलं.”

“एकच विचारायचं होतं. ते आठवीचं तुम्ही लिहिलंयत…”

“हो.”

“त्या वर्षीच्या फीचं कसं करायचं?”

मी हसलो. ते हसले नाहीत. आतून चिरंजीवांच्या आई म्हणाल्या, “अहो, तुम्ही काल त्याला हेच समजावत होतात की, इकडचं तिकडे नेलं की चिन्ह बदलतं म्हणून! ताळा चुकला तेव्हा गप्प बसलात.” फीचा विषय तिथेच थांबला. शिकवू नये हे मी कलम का घातलं होतं, ते मला त्या क्षणी जास्त पटलं.

सहा समीकरणं रोज होतात असं मी म्हणणार नाही. कधी चार होतात, कधी क्रिकेटचा सामना असतो. पहिल्या आठवड्यात चिरंजीवांनी ताळेही ठोकून दिले. उजवीकडे १९ हवेत म्हणून डावीकडेही १९ लिहून मोकळे. ते ओळखणं सोपं होतं, मधली पायरीच नव्हती. तेव्हापासून ताळ्याच्याही पायऱ्या लिहायला लावतो. तराजू मात्र त्याच्या डोक्यात बसला. आता वहीत ‘दोन्ही बाजूंना पाचनं भागून’ असं अख्खं वाक्य येतं. आठवीच्या वहीतलं लाल शाईचं वाक्य मी खोडायला गेलो, तर म्हणाला, “राहू द्या सर, आठवण.”

पाच आठवड्यांनी घड्याळ लावून घेतलेल्या पेपरात त्याला चाळीसपैकी चोवीस पडले. त्यात चिन्हाची एकच चूक निघाली. ती पेपर तपासताना मी केली होती. चिरंजीवांनी ताळा करून दाखवली. म्हणून पंचवीस.